‘अभ्यास केला आहे’ म्हणजे नेमकं काय केलं?

मराठीत निबंध लिहिणाऱ्यांना चार क्रियापदं फार प्रिय आहेत. अभ्यास केला आहे. आढावा घेतला आहे. मागोवा घेतला आहे. प्रकाश टाकला आहे. चारही व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत, आणि चारही लिहिणाऱ्याला एका मोठ्या अडचणीतून सोडवतात. ती वापरली की काहीच म्हणावं लागत नाही.

माझी मामेबहीण सांगलीत समाजशास्त्रात एमए करते. गेल्या वर्षी तिला एक निबंध लिहायचा होता. विषय आपला आपण निवडायचा, लांबी साधारण दोन हजार शब्द, आणि सरांची एकच अट: पहिल्या पानावर थिसिस स्टेटमेंट हवं. तिने विषय निवडला ‘नकुशी’. फाइल मला पाठवली, कारण मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि माझा निम्मा दिवस कोड लिहिण्यात नाही, तर डिझाइन डॉक लिहिण्यात जातो. त्यात पहिल्या परिच्छेदात सांगावं लागतं की आपण काय करणार, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले. ‘डेटाबेसचा अभ्यास केला आहे’ असं लिहून कुणी सुटत नाही. तिला वाटलं, ताईला हे जमत असेल.

तिचं पहिलं वाक्य असं होतं: ‘प्रस्तुत निबंधात सातारा जिल्ह्यातील नकुशी या प्रथेचा समाजशास्त्रीय अभ्यास केला आहे.’ सरांनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हा विषय झाला. विधान कुठे आहे?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या भागात एखाद्या घरात मुलीवर मुलगी झाली, तर तिसरीचं किंवा चौथीचं नाव नकुशी, नकुसा किंवा नकोशी ठेवायची पद्धत होती. ‘आता पुरे, पुढचा मुलगा दे’ असं देवाला सांगण्याचा तो एक मार्ग. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्यात शाळकरी मुली होत्या. बातमी जगभर गेली.

आता पेन्सिलीने लिहिलेला तो प्रश्न. विषय आणि विधान यातला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. वाक्य वाचून एखादा शहाणा माणूस ‘मला हे पटत नाही’ असं म्हणू शकतो का? ‘नकुशी प्रथेचा अभ्यास केला आहे’ याला कोण काय म्हणणार? केला असेल बाबा. हे वाक्य खोटं ठरण्याची सोयच नाही, म्हणून ते खरं ठरण्यालाही काही किंमत नाही.

यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आहे. आपल्याकडची गाइडं उत्तराचा एकच साचा शिकवतात: प्रस्तावना, अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, कारणे, परिणाम, उपाय, समारोप. या आठ खणांत कुठलाही विषय ओतता येतो, हुंडा असो, स्थलांतर असो की नकुशी. पण त्यात ‘माझं म्हणणं’ असा खण नाही. कारणं पाच सांगायची, पाचही सारख्याच वजनाची, म्हणजे कुठलं कारण खरं आणि कुठलं नुसतं सोबतीला आलेलं, हे ठरवायची वेळच येत नाही.

वेगळं कसं दिसतं, हे पाहायला लांब जायला नको. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या. २०२१ मध्ये तिथेच गेल्या. त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठातून पीएचडी केली ती पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर, १८७३ ते १९३० या काळावर. ‘पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ: एक अभ्यास’ असं नाव त्या देऊ शकल्या असत्या. त्यांच्या ग्रंथाचं नाव आहे ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनिअल सोसायटी’, म्हणजे वसाहतीच्या समाजातलं सांस्कृतिक बंड. ‘बंड’ हा शब्द तिथे शोभेला नाही. त्या चळवळीला नोकऱ्यांसाठीचं जातीय राजकारण किंवा इंग्रजांच्या पदराआडची खेळी समजणारे लोक होते. ‘बंड’ म्हणताच ऑम्व्हेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मग ते बंड कसं होतं हे दाखवणं त्यांना भाग पडलं. विधान हे असं काम करतं. ते लिहिणाऱ्याच्या मानेवर बसतं.

मामेबहिणीचा दुसरा प्रयत्न दोन दिवसांनी आला: ‘मुलींना नकुशी हे नाव देणे अन्यायकारक व अमानवी आहे.’ इथे निदान काहीतरी म्हटलेलं आहे. पण तिचा निबंध वाचणाऱ्यांत ‘नाही, हे न्याय्य आहे’ असं म्हणणारा एकही सापडणार नाही. शिवाय हे नीतीचं वाक्य आहे. समाजशास्त्राला विचारायचं असतं की लोक असं का करतात, कोणत्या परिस्थितीत करतात, आणि त्यातून काय होतं. संताप खरा असला तरी तो उत्तराच्या जागी ठेवता येत नाही.

तिसरा प्रयत्न जास्त अभ्यासू दिसत होता: ‘पितृसत्ताक समाजव्यवस्थेमुळे मुली नकोशा होतात व त्यातून नकुशी ही प्रथा निर्माण होते.’ हे चूक नाही. अडचण अशी की ते फार मोठं आहे. पितृसत्ता त्या घरातल्या पहिल्या मुलीच्या वेळीही होती, मग तिचं नाव छान ठेवलं आणि चौथीचं नकुशी का? पितृसत्ता शेजारच्या घरातही आहे, तिथे ही प्रथा का नाही? एखादं कारण सगळ्याच गोष्टींना लागू पडत असेल, तर ते आपल्यासमोरच्या एका गोष्टीबद्दल काही सांगत नाही. मी तिला एवढंच सुचवलं की वाक्यात ‘पितृसत्ता’ हा शब्द आला की लगेच विचार, ‘मग हीच मुलगी का, हेच नाव का, इथेच का?’

या ‘हेच नाव का’वर ती अडली आणि तिथून निबंध सुरू झाला. कारण वाईट नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे मुलांच्या बाबतीतही होती. दगडू, धोंडू, केरू. आधीची मुलं दगावलेली असली की नव्या बाळाचं नाव मुद्दाम टाकाऊ वस्तूचं ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही, त्याच्यावर कुणाचा डोळा जाणार नाही. तिच्या मैत्रिणीने वादात हेच पुढे केलं: नकुशी हेही असंच संरक्षक नाव असेल, तुम्ही उगाच भलता अर्थ काढता. हा आक्षेप चांगला होता. पण नीट पाहिलं तर दगडू हे नाव ज्याला दिलं त्याला वाचवण्यासाठी आहे. नकुशी हे नाव जिला दिलं तिच्यासाठी नाहीच. ते पुढच्या बाळासाठी आहे, जे अजून पोटातही नाही. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात आणि काम उलटं करतात. हा फरक हातात आला आणि वाक्याला धार येऊ लागली.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आजोळी चार मुली आणि शेवटी मामा. माझी आई दुसरी. चौथीचं नाव नकुसा. कागदावर तेच, हाक मारायला तेच. मावशी लग्न होऊन तासगावकडे गेली, तिचे स्वतःचे दोन मुलगे आज नोकरीला आहेत. मामा तिच्या पाठचा. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मते ते नाव लागू पडलं, आणि निबंध लिहिणारी मुलगी ही त्या लागू पडलेल्या नावाचीच पुढची पिढी. हा विषय तिने गाइडातून निवडला नव्हता.

दिवाळीत ती आत्याकडे गेली आणि वही घेऊन बसली. मावशीला निबंधाबिबंधाशी देणंघेणं नव्हतं. द्राक्षाच्या बागेची कामं चालू होती. तिने एवढंच सांगितलं, ‘नगं नगं म्हणत ठेवली की मला. आता नगं म्हणलं की पोरगी येतच न्हाई.’

मामेबहिणीने रात्री फोन करून मला हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं. तोपर्यंत तिच्या वहीत चौथं विधान लिहून झालं होतं: ‘नकुशी यांसारख्या प्रथांमुळे सातारा-सांगली भागात मुलींचे प्रमाण घटले.’ २०११ च्या त्या बातम्यांतही नावं बदलणं आणि घटतं प्रमाण हे एकाच दमात सांगितलेलं असतं, म्हणून तिलाही ते साहजिक वाटलं होतं. आणि मावशी तर अगदी उलटं सांगत होती.

हे चौथं विधान पहिल्या तिन्हींपेक्षा चांगलं होतं, कारण ते खोटं ठरू शकत होतं. आणि ते खोटं ठरलं. कसं, हे पाहण्यासारखं आहे, कारण इथे आकडेमोड लागते आणि ती पाचवीतली आहे.

समजा ८०० घरं आहेत. प्रत्येक घराचा निश्चय, मुलगा झाला की थांबायचं, तोवर नाही. मुलगा की मुलगी याची शक्यता निम्मी-निम्मी धरू. पहिल्या बाळंतपणात ४०० मुलगे, ४०० मुली. मुलगे झालेली घरं थांबली. उरलेल्या ४०० घरांत पुन्हा २०० मुलगे, २०० मुली. उरलेल्या २०० घरांत १०० मुलगे, १०० मुली. आता बेरीज करा: ७०० मुलगे, ७०० मुली. घरं हवी तितकी हट्टी असू देत, प्रत्येक फेरीत निम्म्या मुली येतातच. ‘मुलगा होईपर्यंत’ या हट्टाने जन्मणाऱ्या मुलींचं प्रमाण कमी होत नाही. फक्त मुली मोठ्या कुटुंबांत वाढतात, पाच ताटांत वाटून जेवतात, आणि शेवटच्या मुलग्याच्या आधी येतात.

म्हणजे नकुशी ही प्रथा कितीही क्रूर असली, तरी तिच्यामुळे जन्माच्या वेळचं प्रमाण बिघडू शकत नाही. नकुशी हे नाव मिळायला आधी जन्माला यावं लागतं.

याच हिशोबात दुसरं एक उत्तर दडलेलं आहे, ते म्हणजे लोकांचा त्या नावावर विश्वास का बसतो. तीन मुली झालेली १०० घरं घ्या. समजा सगळ्यांनी तिसरीचं नाव नकुशी ठेवलं. पुढच्या फेरीत ५० घरांत मुलगा होणार, नाव काहीही ठेवलं असतं तरी. ती ५० घरं गावभर सांगणार की नाव लागू पडलं. उरलेली ५० गप्प राहतात आणि पुन्हा वाट पाहतात, त्यातल्या २५ घरांत त्यानंतर मुलगा होतो, तीही म्हणतात, उशिरा का होईना पण पावलं. ज्यांच्याकडे कधीच मुलगा झाला नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मुलगा झाल्यावर थांबायचं असाच नियम असेल, तर जवळपास प्रत्येक गोष्टीचा शेवट मुलग्यावरच होतो.

मग प्रमाण घटलं कशामुळे? कारण घटलं हे तर खरंच. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. या काळात हट्ट वाढलेला नाही, हट्ट जुनाच आहे. नवीन आलं ते गर्भ पाहणारं यंत्र. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा करावा लागला, यातच काय चाललं होतं ते कळतं. मावशीच्या जन्माच्या वेळी ‘नको’ हे बाळ झाल्यावर म्हणता येत होतं. नंतर ते आधीच म्हणता येऊ लागलं.

मामेबहिणीला याला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, २०१७-१८ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात. त्यात दोन वेगळे अंदाज दिले आहेत. एक, ज्या स्त्रिया लोकसंख्येत असायला हव्या होत्या पण नाहीत अशांचा: सुमारे ६ कोटी ३० लाख. दुसरा, ज्या मुली आहेत पण मुलग्याची वाट पाहताना झालेल्या आहेत अशांचा: सुमारे २ कोटी १० लाख. नसलेल्या आणि नकोशा. अहवालाने या दोन रकमा वेगळ्या मांडल्या, कारण त्या मोजायच्या पद्धतीच वेगळ्या आहेत. पहिली समजते स्त्री-पुरुष प्रमाणावरून, दुसरी समजते घरातलं शेवटचं अपत्य मुलगा आहे की मुलगी यावरून. नकुशी दुसऱ्या रकान्यातली.

तेव्हा तिने पाचवं विधान लिहिलं: ‘साताऱ्यात नकुशी मुलींची नावं बदलण्याचा उपक्रम हा मुलींच्या घटत्या संख्येवरचा उपाय मानणं चूक आहे, कारण नकुशी हे नाव मुलगी जन्मू देऊन मुलाची वाट पाहणाऱ्या घरांचं आहे, आणि संख्या घटते ती मुलगी जन्मू न देणाऱ्या घरांमुळे.’

या वाक्यात आता तीन गोष्टी आहेत. कुणाच्या म्हणण्याविरुद्ध आहे ते कळतं. ‘कारण’ हा शब्द आहे, आणि त्याच्या पुढे जे आहे ते तपासता येतं. आणि निबंधाचा नकाशा त्यातच आहे: आधी दोन प्रकार वेगळे करायचे, मग नाव कुठल्या प्रकारातलं ते दाखवायचं, मग उपक्रम कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही ते सांगायचं. गाइडातल्या आठ खणांपैकी ‘व्याख्या’ आणि ‘वैशिष्ट्ये’ आपोआप गळून पडले, कारण त्यांना या वाक्यात काही काम नव्हतं. हुंड्यावरचं दीड पान तिने बऱ्याच मेहनतीने लिहिलं होतं. तेही गेलं.

माझ्या कामात डिझाइन पक्कं झालं की आम्ही ते मोडायला बसतो. तसंच इथे केलं. मी तिला म्हटलं, आता तू तुझ्या विरोधकाची वकील हो, आणि हे वाक्य पाडायला काय पुरावा लागेल ते लिही. तिने तीन मुद्दे लिहिले, आणि तिन्हींचं पुढे काय झालं ते सांगते, कारण विधान घडतं ते इथे.

पहिला मुद्दा तारखांचा. नावं बदललेल्या शाळकरी मुली जन्मल्या तेव्हा सोनोग्राफी येऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे ‘आधी नकुशी होती, मग यंत्र आलं आणि नकुशी संपली’ अशी सरळ गोष्ट नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चालू होतं. मावशीच्या वाक्यातला ‘आता’ हा शब्द तिच्या अनुभवापुरता बरोबर आहे, सगळ्या जिल्ह्यासाठी नाही. मामेबहिणीच्या विधानात सुदैवाने ‘आधी’ आणि ‘नंतर’ नव्हतं, पण निबंधात तीन ठिकाणी होतं. ते काढलं.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. शून्य ते सहा या वयोगटाच्या प्रमाणात नुसते जन्म नसतात, जन्मानंतरचे मृत्यूही असतात. मोनिका दास गुप्ता यांनी १९८७ मध्ये पंजाबच्या खेड्यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की घरात मोठ्या बहिणी असतील तर नंतरच्या मुलीचं दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. सगळ्या मुलींची हेळसांड सारखी होत नाही, निवडून होते. आणि ‘नंतरची मुलगी’ हे तर नकुशीचंच वर्णन आहे. म्हणजे नाव आणि हेळसांड हातात हात घालून जात असतील, तर नकुशी या प्रकारातूनही संख्या घटू शकते, जन्माच्या वेळी नाही पण नंतर. याला तिच्याकडे तोड नव्हती. त्यामुळे ‘संख्या’ हा शब्द बदलून ‘जन्मणाऱ्या मुलींची संख्या’ असा केला, आणि दास गुप्तांचा मुद्दा निबंधात स्वतःहून मांडला. दावा आखूड झाला. पण आखूड दाव्याचं रक्षण करता येतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात साधा होता आणि त्यामुळे शेवटपर्यंत दिसला नव्हता. ‘जन्मू देणारी घरं’ आणि ‘जन्मू न देणारी घरं’ असे दोन गट आहेत, हे कुणी सांगितलं? एकाच घराने तिसरीचं नाव नकुशी ठेवलं आणि चौथ्या खेपेला मशीनवर नेलं, असं होऊच शकतं. जिल्ह्याच्या आकड्यांवरून घर काय करतं हे कळत नाही. जिल्ह्यात प्रथाही आहे आणि प्रमाणही कमी आहे, एवढं दिसतं. पण दोन्ही त्याच उंबऱ्याच्या आत घडतं की वेगवेगळ्या, हे त्या आकड्यात नसतं. समाजशास्त्राच्या निबंधांत सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथेच, मोठ्या गटाचा आकडा घेऊन छोट्या गटाबद्दल बोलण्यात. ओळखायची खूण अशी: आपल्या विधानाचा कर्ता कोण आहे ते पाहायचं, आणि आपला पुरावा कुणाबद्दल आहे ते पाहायचं. दोन्ही जुळत नसतील तर कर्ता बदलायचा.

तिने एक शब्द बदलला. ‘घरं’च्या जागी ‘मार्ग’ आलं. शेवटचं विधान असं उभं राहिलं:

‘२०११ मध्ये साताऱ्यात नकुशी मुलींना नवी नावं देण्यात आली, त्याने जन्मलेल्या मुलींच्या प्रतिष्ठेचा प्रश्न हाती घेतला; पण तो जन्मणाऱ्या मुलींच्या घटत्या संख्येवरचा उपाय मानणं चूक आहे, कारण नकुशी हे नाव मुलगी जन्मू देऊन मुलाची वाट पाहण्याच्या मार्गाचा भाग आहे, आणि ती संख्या घटते ती मुलगी जन्मू न देण्याच्या मार्गामुळे.’

वाक्य लांब आहे, सुंदर नाही. पण त्यात उपक्रमाला दिलेलं श्रेयही आहे, आणि ते हवं होतं. शाळेत हजेरीला रोज ‘नकुशी’ अशी हाक ऐकणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिलं, तर नाव बदलणं ही लहान गोष्ट नाही. विरोधकाच्या म्हणण्यातलं खरं तेवढं आधीच मान्य केलं, की वाद उरलेल्या भागावर होतो आणि नीट होतो.

मावशीचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिचं बोलणं पुरावा म्हणून चालणार नव्हतं. एका बाईच्या अनुभवावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढला, तर तिसऱ्या मुद्द्यातली चूक उलट्या बाजूने झाली असती. पण दोन मार्गांमधला फरक वाचकाला एका ओळीत समजावा, यासाठी त्याहून चांगलं काही नव्हतं. मामेबहिणीने तिला विचारून, गाव न सांगता, ती ओळ पुराव्याच्या आधी उदाहरण म्हणून घातली. जाता जाता तिने हेही विचारलं, की तुला नाव बदलून घ्यायचंय का. मावशी म्हणाली, ‘आधारवर तेच, बँकेत तेच, सातबाऱ्यावर तेच. आता बदललं तर मीच मला घावायची न्हाई.’

विषय मांडणाऱ्या निबंधाने कुणाचं काही बिघडत नाही. तो छापून आला तरी घरचे कौतुकाने वाचतात, फोटो काढून स्टेटसला लावतात. बाजू घेणाऱ्या निबंधात कुणीतरी काहीतरी गमावतं, आणि ते कोण, हे लिहायच्या आधी कळतंच असं नाही.

निबंध देऊन झाल्यावर मामाने तो मागून घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला. ८०० घरांच्या हिशोबापाशी तो थांबला. बोट ठेवून बेरीज पुन्हा केली.

‘म्हणजे नावामुळं मी झालो नाही?’ त्याने विचारलं.

‘नाही बाबा,’ ती म्हणाली. ‘नाव काहीही ठेवलं असतं, तरी तुम्ही व्हायची शक्यता तेवढीच होती.’

मामाने कागद घडी करून तिच्याकडे दिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मग तिला ते नाव उगाचच दिलं म्हणायचं.’